टॅन बूट, वडिलांचं सोनेरी घड्याळ आणि चंदेरी बकल

प्रश्न: धाकट्या बहिणीच्या रिसेप्शनसाठी नेव्ही ब्लू सूट शिवलाय. टॅन रंगाचे लेसचे लेदर बूट घेतलेत. बेल्ट माझ्याकडे ऑफिसचाच आहे, एका बाजूने काळा, उलटला की ब्राउन, बकल चंदेरी. घड्याळ वडिलांचं जुनं सोनेरी एचएमटी आहे, त्याला काळा पट्टा. ते मला घालायचंच आहे. बोटात लग्नातली सोन्याची अंगठी. यातलं काय जुळतं, काय बदलू? तीन आठवडे हातात आहेत.

उत्तर: बूट आणि घड्याळ ठेवा. बेल्ट नवा घ्या, सोनेरी बकलचा. घड्याळाचा काळा पट्टा काढून ब्राउन लावा. अंगठी आहे तशी राहू द्या. पण दुकानात जाऊन "ब्राउन बेल्ट, सोनेरी बकल" एवढंच सांगितलंत तर चुकीची वस्तू हातात पडायची शक्यता फार. चोवीस वर्षं मी मुंबईत बेल्ट बनवून घेतो आणि विकतो. धारावीतल्या कारागिरांकडे चामडं निवडताना आणि गिऱ्हाइकाच्या कमरेला बेल्ट लावून बघताना जे कळलं, त्यातलं तुमच्या कामाचं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट क्रमाची. जी वस्तू बदलता येत नाही, तिच्यापासून सुरुवात करायची. तुमच्या बाबतीत ती वडिलांचं घड्याळ. त्यामुळे धातू ठरला, सोनेरी. दुसरी वस्तू बूट, त्यावरून चामड्याचा रंग ठरला. बेल्ट या दोघांच्या मधला दुवा आहे. त्याच्या चामड्याने बुटाशी जुळायचं आणि बकलने घड्याळाशी. म्हणून तो सगळ्यात शेवटी घ्यायचा. लोक नेमकं उलट करतात. घरात जो बेल्ट आहे तो धरून बसतात आणि बाकीचं त्याच्याभोवती जुळवू पाहतात.

बेल्ट घेण्याआधी बुटांबद्दल एक ठरवून टाका. नवा टॅन बूट बराच उजळ, पिवळसर असतो. नेव्ही सूटखाली आणि संध्याकाळच्या दिव्यांत तो आणखी उठून दिसतो, फोटोत नजर थेट पायांकडे जाते. मला विचाराल तर संध्याकाळच्या समारंभाला तो एक छटा गडद करून घ्यावा. मात्र चामडं रंग पिणारं आहे का, ते आधी तपासा. बुटाच्या वरच्या चामड्यावर, दुसऱ्या पायाकडे असणाऱ्या बाजूला, टाचेजवळ, पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरात तिथे डाग गडद झाला तर चामडं पितंय. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर वर जाड थर आहे आणि पॉलिशने फारसा फरक पडणार नाही. पिणारं असेल तर मिडियम ब्राउन रंगाचं क्रीम पॉलिश घ्या, डबीतलं मेण नको. कोरड्या कापडाने बूट पुसा, क्रीमचा अगदी पातळ हात द्या, दहा मिनिटं थांबा, ब्रश मारा. आधी टाचेजवळ त्याच जागी करून बघा आणि मगच पूर्ण बुटाला लावा. दिवसाआड असे तीन हात दिले की टॅनचा पिवळा भडकपणा खाली बसतो आणि चवड्याच्या घड्यांमध्ये थोडी खोली येते. गडद केलेला बूट परत उजळ होत नाही, म्हणून घाई नको. हे करायचं नसेल तरी हरकत नाही, पण निर्णय आधी घ्या. आज बेल्ट घेऊन पुढच्या आठवड्यात बूट गडद केलात तर जुळणी मोडली.

आता ब्राउनशी ब्राउन जुळवणं, कारण खरी गफलत इथेच होते. बहुतेकांना वाटतं फिकट-गडद जुळलं की झालं. माझा अनुभव वेगळा आहे. फिकट-गडदचा फरक डोळा सहज माफ करतो. रंगाच्या पोटातली झाक वेगळी असेल तर ती खटकते. ब्राउनमध्ये ढोबळ तीन झाका असतात. पिवळसर म्हणजे टॅन आणि मधासारखे रंग, लालसर म्हणजे चेरी आणि विटकरीकडे झुकणारे, आणि काळपट म्हणजे कॉफी किंवा चॉकलेट. पिवळसर टॅन बुटावर त्याच झाकेचा पण दोन छटा गडद बेल्ट छान दिसतो. त्याच बुटावर तेवढ्याच उजळपणाचा लालसर बेल्ट घातला की दोन्ही वस्तू एकमेकींना मळकट ठरवतात. तुमच्या उलटसुलट बेल्टची ब्राउन बाजू बहुधा लालसर किंवा चॉकलेटी निघेल, कारण ऑफिसचे बेल्ट तसेच जास्त खपतात. म्हणून मी तो इथे चालवणार नाही. दुसरी खूणगाठ अशी की बेल्ट बुटाइतका किंवा त्याहून थोडा गडद चालतो, बुटाहून उजळ चालत नाही. उजळ बेल्ट अंगाचे कमरेशी दोन तुकडे करतो आणि पोट असेल तर तेच आधी दिसतं.

ही जुळणी उन्हात करायची. धंद्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका नवरदेवाला त्याच्या बुटाशी बेल्ट जुळवून दिला, तोही दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही शेजारी धरून. तिथे दोन्ही एक दिसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न लॉनवर होतं, आणि फोटोत बेल्ट स्पष्ट लाल दिसत होता. चूक माझी होती. दोन वेगळे रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. रंगाच्या कामात हा नेहमीचा धोका आहे आणि चामड्याच्या रंगात तो सारखा भेटतो. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला बूट घेऊनच यायला सांगतो आणि जुळणी दाराबाहेर करतो. तुम्हीही एक बूट पिशवीत घालून न्या. फोटो दाखवून बेल्ट घेऊ नका, मोबाइलचा कॅमेरा ब्राउनला स्वतःच्या मनाने रंग देतो. बेल्टचं टोक बुटाच्या चवड्यावर आडवं ठेवा, दोन हात लांबून बघा, मग डोळे किलकिले करून बघा. सीमारेषा पुसट झाली तर जुळलं. रिसेप्शन संध्याकाळचं असल्याने घरी पिवळ्या दिव्याखालीही एकदा बघून घ्या. दोन्हीकडे टिकलं की निश्चिंत.

रंगाबरोबर चमक बघायची. तुमचा बूट गुळगुळीत आणि मध्यम चमकीचा असणार, तर बेल्टही तसाच हवा. जाड दाण्याचा, विणलेला किंवा जाड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला बेल्ट रंगाने तंतोतंत जुळला तरी जीन्सचाच वाटतो. रुंदी 30 ते 35 मिमी ठेवा. 38-40 मिमीचा बेल्ट सूटच्या पँटच्या लूपमधून जातो खरा, पण लूप ताणले जातात आणि बकल फार मोठं दिसतं. लांबी पँटच्या कमरेपेक्षा दोन इंच जास्त, म्हणजे 34 ची पँट असेल तर 36 चा बेल्ट. पाच भोकांपैकी मधल्या भोकात बसला आणि टोक पहिल्या लूपमधून थोडं पुढे गेलं की माप बरोबर. आवळून बसवायचं बिनभोकांचं बकल असेल तर बेल्ट कापता येतो. तो नेहमी बकलच्या बाजूने कापायचा, टोकाच्या बाजूने नाही, नाहीतर शिलाई आणि घडवलेलं टोक दोन्ही जातं.

आता धातू. बकल आणि घड्याळ जुळवा, हे सगळे सांगतात, पण का, ते कोणी सांगत नाही. हात खाली सोडून उभे राहा आणि आरशात बघा. मनगट कमरेच्या रेषेपासून वीतभर खाली येतं. उभ्या माणसाच्या अंगावर तेवढ्या पट्ट्यात चकाकणाऱ्या वस्तू दोनच, बकल आणि घड्याळ. एकाच नजरेत दोन्ही येतात. एक सोनेरी आणि एक चंदेरी असलं की दोन वेगळे निर्णय घेतल्यासारखं दिसतं. पण यालाही मर्यादा आहे. कोटाचं बटण लावलेलं असेल तर बकल जवळजवळ झाकलं जातं, आणि कोटाच्या आत बिनबाह्यांचं जाकीट असेल तर दिसतच नाही. रिसेप्शनला तुम्ही स्टेजवर बटण लावून उभे राहाल तेव्हा कोणाला काही दिसणार नाही. जेवणाच्या पंगतीत, धावपळीत, बटण उघडल्यावर दिसेल. म्हणून मी नेहमी सांगतो, पैसे मोजकेच असतील तर आधी चामडं जुळवा, बकल नंतर. चामड्याची विसंगती संपूर्ण उंचीच्या फोटोत कळते, धातूची जवळ आलेल्या माणसालाच कळते.

तुमच्या घड्याळात मात्र एक खास अडचण आहे. एचएमटीने 1961 साली बंगळुरात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही दशकांत घराघरात त्यांचीच घड्याळं होती. सोनेरी मॉडेलांवर सोन्याचा मुलामा असायचा. तीस-चाळीस वर्षं घामाने आणि बाहीने घासून तो आता शांत, थोडा मऊ सोनेरी झालेला असणार, आणि पट्टा जिथे जोडतात त्या टोकांवर खालचा धातू दिसत असेल. यावर दुकानातलं नवं कोरं, आरशासारखं पिवळं बकल लावलंत तर बिचारं घड्याळ जुनाट वाटेल आणि बकल खोटं. सोनेरी रंगसुद्धा एक नसतो. तुम्हाला हवंय ते भरीव पितळेचं, मंद चमकीचं, साधं काट्याचं बकल.

बाजारातली बहुतेक सोनेरी बकलं जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली आणि वर मुलामा दिलेली असतात. ओळखायला चुंबक उपयोगी नाही. लोखंड असेल तर चिकटेल, पण पितळ आणि जस्त दोन्हींना चिकटत नाही. बकल उलटं करा. मागची बाजू पोकळ, कडेला साच्याची बारीक रेघ, हातात हलकं, आणि काटा घासतो तिथे खरवडल्यास आत करडं दिसत असेल तर ते जस्त. भरीव पितळ मागूनही भरलेलं असतं, तेवढ्याच मापाला जड लागतं आणि ओरखड्याच्या आतही पिवळंच दिसतं. जस्तावरचा मुलामा आपल्या दमट हवेत आणि घामाने काटा टेकतो तिथून जायला लागतो, मग बारीक पुळ्यांसारखे फुगवटे येतात. एकदा फुगवटे आले की त्यावर उपाय नाही.

पितळेचं बकल लॅकरचा पारदर्शक थर नसलेलं मागा. नवं असताना ते थोडं लिंबासारखं पिवळं दिसतं. ते घेतल्या दिवसापासून वापरायला लागा, रोज हात लागू द्या. दोन-तीन आठवड्यांत त्याची तकाकी उतरते आणि ते जुन्या सोन्याच्या जवळ जातं. बुटाचं काम आधी करूनही तुमच्याकडे दोन आठवडे उरतात. तोवर पितळ चमकवायच्या पेस्टला हात लावू नका. मुलाम्याच्या वस्तूला तर ती पेस्ट कधीच लावू नका, कारण ती घासून चमक आणते आणि त्या घासण्यात मुलामाच जातो. वडिलांच्या घड्याळालाही हेच लागू आहे. फक्त मऊ कोरडं कापड.

कोणीतरी तुम्हाला सांगेल की घड्याळावर पुन्हा मुलामा चढवून घ्या. होतो तो. पण त्याआधी केस बफवर घासून गुळगुळीत करतात, आणि त्यात कडा गोल होतात, मागचा ठसा पुसट होतो. एका संध्याकाळसाठी मी ते करू देणार नाही. कोपऱ्यावर झिजलेलं वडिलांचं घड्याळ सूटवर कुठेही कमी दिसत नाही.

घड्याळाच्या पट्ट्याकडे येऊ. काळा पट्टा, ब्राउन बूट आणि ब्राउन बेल्ट हे जुळत नाही. तो बदलणं सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम आहे. घड्याळाच्या ज्या दोन टोकांमध्ये पट्टा बसतो, त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजा. जुन्या पुरुषी घड्याळांत ते बहुधा 18 भरतं, पण मोजूनच घ्या, कारण एक मिलिमीटर रुंद पट्टा कडेला दुमडतो आणि अरुंद घेतला तर दोन्ही बाजूंना फट दिसते. पट्टा बुटाच्याच झाकेचा हवा, तंतोतंत तोच रंग असायची गरज नाही. तो बुटापासून इतका लांब असतो की दोन छटांचा फरक कळत नाही. फार जाड पट्टा घेऊ नका, जुनी घड्याळं पातळ असतात आणि फुगीर पट्ट्याखाली दबून जातात. आता ज्याकडे जवळजवळ कोणाचंच लक्ष जात नाही ते. नव्या पट्ट्यासोबत येणारं छोटं बकल बहुतेक वेळा चंदेरी असतं. दुकानदाराला सोनेरी लावून द्यायला सांगा. त्यांच्याकडे डबीभर पडलेली असतात, एक छोटी पिन काढली की बकल बदलतं. वडिलांच्या पट्ट्यावर मूळ सोनेरी बकल असेल तर तेच काढून नव्यावर चढवायला सांगा, नव्या पट्ट्याचं निमुळतं टोक त्यात बसतंय एवढं बघा. जुना पट्टा आणि पिना एका पाकिटात घालून परत घ्या.

अंगठीची काळजी का नको, तेही सांगतो, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. लग्नाची अंगठी, गळ्यातली साखळी, पुष्कराजाची सोन्यातली किंवा मोत्याची चांदीतली अंगठी, हातातलं कडं, या वस्तू माणूस कपड्यांसाठी घालत नाही. बघणाऱ्यालाही ते माहीत असतं, म्हणून त्या जुळणीच्या बाहेर. चष्म्याची फ्रेमही बाहेरच. ज्या वस्तू त्या दिवसासाठी निवडून घातल्यात त्या मात्र हिशोबात धरायच्या, म्हणजे कफलिंक, टायपिन आणि खिशातल्या पेनची क्लिप. टायपिन लावणार असाल तर सोनेरी लावा. चंदेरीच असेल तर लावू नका, टायपिनशिवाय काही अडत नाही. लेसऐवजी बकलचे म्हणजे माँक प्रकारचे बूट असते तर बुटाचं बकलही या हिशोबात आलं असतं आणि काम दुप्पट अवघड झालं असतं, कारण ते बदलता येत नाही. तुमचे लेसचे आहेत, सुटलात.

आता तीन आठवड्यांचा हिशोब मांडू. पहिल्या दोन दिवसांत बुटाला पाण्याच्या थेंबाची परीक्षा आणि गडद करायचं की नाही हा निर्णय. करायचं ठरलं तर पहिल्या आठवड्यात क्रीमचे तीन हात. बूट नवे आहेत, तर घरात रोज अर्धा तास घालून फिरा, म्हणजे चावणार नाहीत. बूट कोरडे झाले की एक बूट घेऊन बेल्ट घ्यायला जा. तयार बेल्टमध्ये मनासारखं बकल नसेल तर बटणं किंवा स्क्रू असलेला बेल्ट शोधा. बकलजवळ चामडं दुमडलंय तिथे शिलाईऐवजी दोन प्रेस बटणं किंवा स्क्रू असतील तर बकल काढून दुसरं घालता येतं. त्याची आतली रुंदी बेल्टइतकीच हवी, 35 चा बेल्ट तर 35 चं बकल. शिवलेला बेल्ट असेल तर कारागीर शिलाई उसवून बकल बदलून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे. त्याच फेरीत घड्याळाचा पट्टा. दोन आठवडे बेल्ट ऑफिसला घाला. नवा बेल्ट रंग सोडत असेल तर तो ऑफिसच्या शर्टवर सोडू दे, रिसेप्शनच्या पांढऱ्या शर्टवर नको. आधी ओलसर पांढऱ्या कापडाने आतली बाजू पुसून बघा. कापड ब्राउन झालं तर एक-दोनदा कोरडं पुसून घ्या आणि तरीही रंग आला तर बेल्ट परत करा.

तुमचा जुना उलटसुलट बेल्ट टाकू नका. त्याची काळी बाजू, काळे बूट आणि स्टीलचं घड्याळ हे ऑफिससाठी पक्कं जुळतं. उलटणाऱ्या बेल्टमध्ये दोन पातळ थर चिकटवलेले असतात आणि मधला जोड वर्ष-दोन वर्षांत कडेला उघडायला लागतो, तोवर तो काम देईल.

समारंभाच्या दिवशी घड्याळाबद्दल एवढं पाळा. चावीचं असेल तर सकाळी एकदाच, चावी फिरायची थांबेपर्यंत हलक्या हाताने द्या आणि पुढे जोर लावू नका. तेवढ्यात ते रात्रीपर्यंत आरामात चालतं. अत्तर मनगटावर मारू नका, चामड्यावर त्याचे डाग पडतात आणि मुलाम्यालाही ते चांगलं नाही. हात धुताना घड्याळ काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. जुन्या घड्याळात पाणी अडवणारं काही उरलेलं नसतं.